असमान वर्गांचा आयतालेख फोटोवरून कसा वाचायचा आणि मध्यक कसा काढायचा

लेस्टरला राहणाऱ्या एका मुलीची आई मला अधूनमधून तिच्या गणिताचे फोटो पाठवते. मागे एकदा आयतालेखाचा फोटो आला आणि खाली मेसेज होता, "सर, माझं उत्तर १७.८८ येतंय, पुस्तकात २१.६ आहे. सूत्र तर आपलं दहावीचंच वापरलंय. पुस्तक चुकलंय का?"

पुस्तक बरोबर होतं, आणि ताईंचं सूत्रही बरोबर होतं. सूत्रात घातलेली वारंवारता मात्र वारंवारता नव्हतीच, ती आयतांची उंची होती. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आयतालेखातले वर्ग सारख्या रुंदीचे असतात, त्यामुळे उंची पाहिली की वारंवारता कळते आणि ही सवय हाडात मुरते. ब्रिटनच्या जीसीएसईत आणि पुण्या-मुंबईच्या आयजीसीएसई शाळांत वर्ग लहान-मोठे असतात. तिथे आयताचं क्षेत्रफळ म्हणजे वारंवारता. त्यात आलेख फोटोतून आला की चुकायला आणखी दोन-तीन जागा तयार होतात.

हाच आलेख धरून सगळे टप्पे पाहू. विषय आहे विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचायला लागणारा वेळ. आडव्या अक्षावर ० ते ५० मिनिटं आहेत, त्यावर पाच आयत आहेत आणि त्यांची रुंदी सारखी नाही. आलेख कागदावर छापलेला आहे. फोटो थोडा तिरका आहे आणि उजवी बाजू पुस्तकाच्या शिवणीकडे वळलेली आहे. घरी काढलेले फोटो बहुतेक असेच येतात.

## टप्पा १ : गणिताआधी फोटो तपासा

पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण प्रश्न मागवा. ताईंनी फक्त आलेख पाठवला होता. "एकूण १२० विद्यार्थी" ही ओळ त्याच्या खाली होती आणि फोटोत कापली गेली होती. ही एक ओळ हाताशी असली की पुढे आपली चूक आपल्यालाच सापडते. दोन्ही अक्षांची नावं, दोन्ही अक्षांवरचे आकडे आणि आलेखाच्या वर-खाली लिहिलेला मजकूर, एवढं दिसलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट स्पष्टपणाची. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आलेख कागदाच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. झूम केल्यावर दोन जाड रेषांमधली लहान घरं एकेक करून मोजता येत नसतील, तर दुसरा फोटो मागवणं हाच जवळचा रस्ता आहे.

तिसरी गोष्ट तिरकेपणाची. तिरक्या फोटोत कॅमेऱ्यापासून दूर असलेली घरं लहान दिसतात आणि जवळची मोठी. पानाला बाक असेल तर शिवणीजवळचे आयत प्रत्यक्षापेक्षा अरुंद भासतात. म्हणून स्क्रीनवर पट्टी लावून लांबी मोजायची नाही, घरं मोजायची. फोटो कितीही तिरका असला तरी दोन रेषांमधल्या घरांची संख्या बदलत नाही.

सावधान : आयताच्या माथ्यावरून उभ्या अक्षाकडे जाताना बोट स्क्रीनवर सरळ आडवं सरकवू नका. तिरक्या फोटोत आलेख कागदाची आडवी रेषाही तिरकी झालेली असते. त्या छापील रेषेच्याच मागे मागे अक्षापर्यंत या. बोट आडवं नेलं तर आलेखाच्या उजव्या टोकाशी सहज दोन-तीन घरांचा फरक पडतो.

## टप्पा २ : उभ्या अक्षाचं नाव वाचा

आकडे वाचण्याआधी नाव वाचा, कारण आकड्यांचा अर्थ नावावरून ठरतो. इथे तीन शक्यता आहेत.

नाव नुसतं "वारंवारता" असेल आणि सगळे वर्ग सारख्या रुंदीचे असतील, तर उंची हीच वारंवारता. हा लेख तुमच्यासाठी नाही, नेहमीप्रमाणे पुढे जा.

नाव "वारंवारता घनता" असेल, इंग्रजी पुस्तकात फ्रिक्वेन्सी डेन्सिटी, तर उंची म्हणजे वर्गाच्या प्रत्येक एककामागे किती. आपल्या आलेखात ती "दर मिनिटामागे किती विद्यार्थी" अशी वाचायची. १५–२० या वर्गाची उंची ५.२ आहे. याचा अर्थ त्या वर्गात ५.२ विद्यार्थी आहेत असा होत नाही. १५ ते २० मिनिटांच्या पट्ट्यात दर मिनिटाला सरासरी ५.२ विद्यार्थी येतात असा होतो. पट्टा ५ मिनिटांचा, म्हणून विद्यार्थी ५.२ × ५ = २६.

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. अक्षावर "दर ५ मिनिटांमागे विद्यार्थी" असं लिहिलेलं असतं. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात वर्षानुवर्षे हीच पद्धत होती: सगळ्यात लहान वर्गाची रुंदी प्रमाण धरायची आणि बाकीच्या आयतांच्या उंच्या त्या मानाने बदलायच्या. आपला आलेख तसा काढला तर उंच्या ६, १६, २६, १९ आणि ७ येतील. सगळे पूर्णांक! ते वारंवारता वाटायला काहीच हरकत दिसत नाही. पण २०–३० या वर्गाची उंची १९ असली तरी तो वर्ग १० मिनिटांचा, म्हणजे दोन पट्ट्यांचा आहे. तिथे विद्यार्थी १९ × २ = ३८.

तपासा : अक्षावर नावच नसेल, तर वर्गांच्या रुंदीकडे बघा. वर्ग असमान असतील आणि आयतालेख नीट काढलेला असेल, तर वारंवारता क्षेत्रफळातच असते. अक्षावर "वारंवारता" असं लिहिलंय आणि वर्ग असमान आहेत, असा आलेख दिसला तर तो चुकीचा काढलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी एकूण संख्येशी ताळा घेऊनच पुढे जा.

## टप्पा ३ : एका लहान घराची किंमत ठरवा

आपल्याकडचा आलेख कागद म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये दहा घरं, प्रत्येक घर एक मिलिमीटरचं. जाड रेषा १ ची असेल तर लहान घर ०.१ चं, हे डोळे झाकून धरायची आपली सवय. ब्रिटिश प्रश्नपत्रिकांत मात्र घरं बहुधा दोन मिलिमीटरची असतात, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये पाच. जाड रेषा १ ची असली तरी लहान घर ०.२ चं होतं.

म्हणून प्रत्येक वेळी उभ्या अक्षावरचे दोन लगतचे आकडे घ्या, त्यांच्यामधली घरं मोजा आणि भागाकार करा. आपल्या फोटोत २ आणि ३ यांच्यामध्ये पाच घरं आहेत, म्हणून एक घर = १ ÷ ५ = ०.२. आडव्या अक्षावर १० आणि २० यांच्यामध्ये दहा घरं आहेत, म्हणून तिथे एक घर = १ मिनिट. दोन्ही अक्षांची किंमत वेगळी असू शकते. एकीकडची दुसरीकडे लावायची नाही.

आता आयतांच्या उंच्या घरांत मोजू. डावीकडून ६, १६, २६, १९ आणि ७ घरं. प्रत्येकाला ०.२ ने गुणलं की घनता मिळते: १.२, ३.२, ५.२, ३.८ आणि १.४.

लहान घर ०.१ चं धरलं असतं तर काय झालं असतं? दुसऱ्या आयताचा माथा "३ च्या वर एक घर" आहे, तो ३.१ वाचला गेला असता आणि विद्यार्थी ३.१ × ५ = १५.५ आले असते. अर्धा विद्यार्थी दिसला की थांबायचं आणि घराची किंमत पुन्हा मोजायची. मला ही चूक नेहमी अशीच सापडते. मुलं मात्र १५.५ चे १६ करून पुढे जातात आणि चूक झाकली जाते.

घरं नसलेला, नुसत्या पांढऱ्या कागदावरचा आलेख असेल तर मोजण्यावाचून इलाज नाही. मग आधी फोनमधल्या कागद स्कॅन करायच्या सोयीने फोटो सरळ करून घ्या. चित्राच्या कोणत्याही साध्या संपादकात ठिकाणाचे पिक्सेल दिसतात, ते वापरा. समजा ० ची रेषा वरून १८४० व्या पिक्सेलवर आहे आणि ५ ची खूण ६४० व्या. म्हणजे ५ एककांना १२०० पिक्सेल, एका एककाला २४०. आयताचा माथा ९२८ वर असेल, तर उंची (१८४० − ९२८) ÷ २४० = ३.८. पिक्सेल वरून खाली मोजले जातात, म्हणून वजाबाकी नेहमी शून्याच्या रेषेतून करायची.

तपासा : ० ते १ आणि ४ ते ५ या दोन्ही अंतरांचे पिक्सेल मोजून बघा. ते जवळपास सारखे हवेत. एक २४० आणि दुसरं २१५ असेल तर फोटो अजून तिरका आहे, आणि उंच आयतांच्या उंच्या चुकीच्या येणार.

सावधान : उभा अक्ष ० पासून सुरू होतोय ना, हेही याच वेळी पाहा. खालचा भाग कापलेला असेल तर दिसणारं क्षेत्रफळ अपुरं आहे. आडवा अक्ष तुटक असला, म्हणजे नागमोडी खूण करून एकदम २० पासून सुरू झाला, तर मात्र काही बिघडत नाही.

## टप्पा ४ : आयतांच्या कडा वाचा

आयत कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आडव्या अक्षावरून उतरवून घ्या. आपल्या आलेखात कडा ०, १०, १५, २०, ३० आणि ५० वर आहेत. पाच आयतांना सहा कडा. प्रत्येक वेळी कडा आयतांपेक्षा एकने जास्त निघाल्या पाहिजेत, नाहीतर एखादी कड निसटली आहे.

निसटणारी कड बहुधा सारख्या दिसणाऱ्या दोन आयतांमधली असते किंवा अक्षावर जिचा आकडा छापलेला नाही ती. आपल्या आलेखात आडव्या अक्षावर फक्त ०, १०, २०, ३०, ४०, ५० लिहिलेले आहेत. १५ ची कड घरं मोजूनच कळते. उलट, ४० ला आकडा आहे पण तिथे कड नाही. शेवटचा आयत ३० पासून थेट ५० पर्यंत जातो. ताईंच्या मुलीने ४० पाशी रेघ मारून त्याचे दोन आयत केले होते. उंची दोन्हींची १.४ च धरली होती म्हणून एकूण बिघडलं नाही, पण दुसऱ्या प्रश्नात अशीच रेघ मारून तिने एका भागाची उंची विसरली होती.

वयाचे आलेख असतील तर आणखी एक खोच. तक्त्यात २०–२९, ३०–३९ असं लिहिलेलं असतं. पूर्ण झालेलं वय मोजताना २९ वर्षं अकरा महिन्यांचा माणूसही २९ मध्येच येतो, म्हणून कडा २० आणि ३० वर असतात. लांबी जवळच्या पूर्ण सेंटीमीटरपर्यंत मोजली असेल तर १०–१९ या वर्गाच्या कडा ९.५ आणि १९.५ होतात. दोन्हीकडे रुंदी १० च येते, नुसती वजाबाकी करून ९ येत नाही. फोटोत आलेख समोर असल्यावर वाद घालायची गरजच नाही, कड जिथे काढली आहे तिथला आकडा घ्या.

## टप्पा ५ : तक्ता करा, क्षेत्रफळातून वारंवारता काढा

आता आलेख बाजूला ठेवा आणि कागदावर तक्ता मांडा. रुंदीचा रकाना कधीही गाळू नका. मनातल्या मनात रुंदी धरणारा माणूस तिसऱ्या ओळीपर्यंत नीट असतो आणि चौथ्या ओळीत पुन्हा ५ ने गुणतो.

| वेळ (मिनिटे) | रुंदी | घनता | वारंवारता | संचित वारंवारता |
|---|---|---|---|---|
| ०–१० | १० | १.२ | १२ | १२ |
| १०–१५ | ५ | ३.२ | १६ | २८ |
| १५–२० | ५ | ५.२ | २६ | ५४ |
| २०–३० | १० | ३.८ | ३८ | ९२ |
| ३०–५० | २० | १.४ | २८ | १२० |

इथे क्षणभर थांबून आलेखाकडे पुन्हा बघा. सगळ्यात उंच आयत १५–२० चा आहे, पण सगळ्यात जास्त विद्यार्थी २०–३० मध्ये आहेत. आणि बुटका, पसरट शेवटचा आयत? त्यात २८ जण आहेत, उंच आयतापेक्षा दोन जास्त. डोळ्याला हे पटत नाही, म्हणून तर चूक होते.

तपासा : शेवटची संचित वारंवारता प्रश्नातल्या एकूण संख्येशी जुळली पाहिजे. १२० आले, जुळलं. न जुळल्यास फरक किती आहे ते पाहा. फरक एखाद्या आयताच्या वारंवारतेएवढा असेल तर तो आयत राहिला किंवा दोनदा आला. फरक त्याच्या निम्मा असेल तर रुंदी १० ऐवजी ५ घेतली गेली. ताईंनी उंच्यांचीच बेरीज केली होती: १.२ + ३.२ + ५.२ + ३.८ + १.४ = १४.८. एकूण विद्यार्थी १४.८ कसे असतील, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. पण १२० ची ओळ फोटोत नव्हती.

## टप्पा ६ : मध्यक कोणत्या वर्गात आहे ते शोधा

एकूण १२०, निम्मे ६०. संचित वारंवारतेच्या रकान्यात वरून खाली या आणि ६० पहिल्यांदा कुठे ओलांडले जातात ते पाहा. ५४ वर अजून ओलांडले नाहीत, ९२ वर ओलांडले. म्हणून मध्यक २०–३० या वर्गात आहे. एवढं मात्र अंदाज नसून नक्की आहे, कारण ६० वा आणि ६१ वा असे दोन्ही विद्यार्थी याच वर्गात येतात.

६० घ्यायचे की ६०.५, हा प्रश्न हमखास येतो. सुट्या आकड्यांची यादी समोर असेल तेव्हा मधलं स्थान शोधायला (एकूण + १) ÷ २ करतात. इथे यादी नाही, सलग क्षेत्रफळ आहे आणि त्याचे दोन सारखे भाग करायचे आहेत. म्हणून सरळ निम्मे, ६०.

सावधान : आडव्या अक्षाचा मध्य २५ आहे, पाच वर्गांमधला मधला वर्ग १५–२० आहे आणि सगळ्यात उंच वर्गही तोच आहे. या तिन्ही गोष्टींचा मध्यकाशी संबंध नाही.

## टप्पा ७ : वर्गाच्या आत किती पुढे जायचं

दहावीचं सूत्र इथे तसंच चालतं:

```
L + ((N/2 − cf) / f) × h
```

N म्हणजे एकूण विद्यार्थी, १२०. बाकीच्या चार अक्षरांच्या जागी काय घालायचं ते जपून. L म्हणजे मध्यक वर्गाची खालची कड, २०. cf म्हणजे त्याच्या आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता, ५४. f म्हणजे मध्यक वर्गाची वारंवारता, ३८. h म्हणजे त्याच वर्गाची रुंदी, १०. सारख्या वर्गांच्या गणितात h सगळीकडे एकच असतो, म्हणून मुलं तक्त्यातली पहिली दिसेल ती रुंदी उचलतात.

२० + (६ ÷ ३८) × १० = २० + १.५८ = २१.५८ मिनिटं.

मला स्वतःला घनतेतून जायला आवडतं, कारण त्यात काय चाललंय ते दिसतं. २० मिनिटांपर्यंत ५४ जण पोहोचले. ६० व्हायला आणखी ६ हवेत. इथून पुढे दर मिनिटाला ३.८ जण येतात. मग ६ जण यायला ६ ÷ ३.८ = १.५८ मिनिटं लागतील. सूत्र पाठ नसलं तरी चालतं, आणि रुंदी घालायची नसल्यामुळे ती चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन्ही रस्त्यांची सरमिसळ मात्र करू नका. सूत्रात f च्या जागी ३.८ घालून वर १० ने गुणलं तर ३५.८ येतं, जे २०–३० च्या बाहेर आहे. cf च्या जागी मध्यक वर्गाचे ९२ घातले तर ११.५८ येतं, तेही बाहेर. उत्तर वर्गाच्या बाहेर पडलं की चूक झालीच, हे लगेच कळतं. h च्या जागी ५ घातला तर २०.७९ येतं, आणि हे वर्गाच्या आत असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. त्यासाठी पुढचा टप्पा.

## टप्पा ८ : उलट्या बाजूने ताळा घ्या

मिळालेल्या उत्तरावर आलेखात उभी रेघ मारा आणि तिच्या दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढा. डावीकडे ५४ + १.५८ × ३.८, म्हणजे ६०. उजवीकडे ८.४२ × ३.८ म्हणजे ३२, अधिक शेवटच्या आयताचे २८, एकूण ६०. दोन्ही सारखे आले.

आता वरचं २०.७९ तपासून बघा. डावीकडे ५४ + ०.७९ × ३.८ = ५७, उजवीकडे ६३. पकडलं गेलं. ताईंच्या १७.८८ चंही तसंच: डावीकडे २८ + २.८८ × ५.२, म्हणजे जेमतेम ४३ विद्यार्थी येतात. १२० चे निम्मे ४३ नव्हेत.

उत्तर लिहिताना "अंदाजे २१.६ मिनिटं" एवढं पुरे. वर्गाच्या आत विद्यार्थी सारखे पसरलेले आहेत असं आपण धरून चाललो आहोत, प्रत्यक्षात ते २० च्या जवळ दाटलेले असतील किंवा ३० च्या. त्यामुळे २१.५७८९ लिहिण्यात अचूकता नाही, नुसते आकडे आहेत. आणि मिनिट-सेकंदांत लिहायचं असेल तर २१.५८ म्हणजे २१ मिनिटं ५८ सेकंद नव्हे. ०.५८ × ६० करा, साधारण ३५ सेकंद येतात.

## टप्पा ९ : उभ्या अक्षावर आकडेच नसतील तर

ही परीक्षकांची आवडती खोडी आहे, आणि फोटोत डावी कड कापली गेली तरी हीच वेळ येते. अशा वेळी प्रश्नात कुठेतरी एका आयताची वारंवारता किंवा एकूण संख्या दिलेली असते. तेवढ्यावर काम भागतं, कारण आपल्याला उंचीचा आकडा नको आहे, क्षेत्रफळ हवं आहे, आणि ते घरांतही मोजता येतं.

समजा एवढंच दिलंय की १५ ते २० मिनिटं लागणारे विद्यार्थी २६ आहेत. तो आयत ५ घरं रुंद आणि २६ घरं उंच, म्हणजे १३० लहान घरं. १३० घरांत २६ विद्यार्थी, तर ५ घरांमागे एक विद्यार्थी.

आता सगळे आयत घरांत मोजा: १० × ६ = ६०, ५ × १६ = ८०, मग १३०, १० × १९ = १९० आणि २० × ७ = १४०. एकूण ६०० घरं. पाचने भागले की १२० विद्यार्थी.

मध्यकासाठी विद्यार्थ्यांत यायचीही गरज नाही. ६०० चे निम्मे ३००. पहिल्या तीन आयतांची घरं २७०, अजून ३० हवीत. चौथा आयत १९ घरं उंच आहे, म्हणून ३० ÷ १९ = १.५८ घरं आत शिरायचं. आडव्या अक्षावर एक घर एका मिनिटाचं, म्हणजे पुन्हा २१.५८.

सावधान : दिलेली संख्या कोणत्या पट्ट्याची आहे ते नीट वाचा. "२० मिनिटांपेक्षा कमी वेळ लागणारे ५४ विद्यार्थी" असं दिलं असेल तर ते पहिल्या तीनही आयतांचे मिळून आहेत. ५४ ला तिन्हींच्या २७० घरांशी जोडायचं, एकट्या तिसऱ्या आयताच्या १३० घरांशी जोडलं तर एकूण विद्यार्थी अडीचशेच्या घरात जातात. मध्यक मात्र दोन्ही वेळा २१.५८ च येतो, त्यामुळे उत्तर जुळलं म्हणून विद्यार्थ्यांची संख्याही बरोबर असेल असं धरू नका.